घरकोंडींतील रोजचें पद्य

शके १९४२ चा गुढीपाडवा २५ मार्च २०२० रोजीं आला आणि त्याच दिवसापासून सगळ्या देशाच्या दारांना कडी लागली. करोनाच्या सांथीमुळें पुकारलेली ती टाळेबंदी प्रथम एकवीस दिवसांची होती. पुढें ती एकोणीस दिवसांनीं वाढली, मग चौदा आणि पुन्हां चौदा दिवसांनीं वाढली व ३१ मे रोजीं तिचा तो कडक भाग संपला. बेरीज केली म्हणजे ६८ दिवस होतात.

पालघर आणि बोईसर-तारापूर या पट्ट्यांत त्या ६८ दिवसांचें स्वरूप कांहींसें निराळें होतें. येथील पुष्कळ घरांचा दिवस घड्याळावर चालत नाहीं. तो आगगाडीवर आणि कारखान्याच्या पाळीवर चालतो. अमुक गाडी गेली म्हणजे डबा भरावयाचा, अमुक पाळी सुटली म्हणजे चहा ठेवावयाचा, असा क्रम बसलेला असतो. २२ मार्चच्या रात्रीं उतारूंच्या गाड्या बंद झाल्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील औषधांसारख्या निकडीच्या मालाचे कारखाने वगळले तर बहुतेकांची यंत्रें थांबलीं. रुळांवरून फक्त मालगाड्या धांवत राहिल्या. त्यामुळें घरांत माणसें होतीं, अन्नपाणी होतें, परंतु एका दिवसाला दुसऱ्या दिवसापासून वेगळें करणारी खूण मात्र नाहींशी झाली. आज मंगळवार कीं बुधवार, हें विचारून घेण्याची पाळी शिकल्यासवरलेल्या माणसांवर आली.

अशा काळांत रोज एक लहानसें पद्य लिहून ठेवण्याची रीत उपयोगी पडते. तिच्याकडे मन रमविण्याचें साधन म्हणून पाहिलें जातें. पण तिचें खरें काम त्याहून नेमकें आहे. आजच्या दिवसाला कालच्या दिवसापासून वेगळें करणें, हें तें काम होय. हें काम जें पद्य करतें तें मालेंत शोभतें. जें करीत नाहीं तें कितीही गोड असलें तरी मालेच्या दृष्टीनें वायां गेलेलें असतें. ही एकच कसोटी हाताशीं धरली म्हणजे छंद कोणता घ्यावा, काय लिहावें आणि काय टाळावें, हे सारे प्रश्न पुष्कळसे सुटतात.

या कामाचा सर्वांत ठळक दाखला जपानांत सांपडतो. मासाओका शिकी हा हायकूचा मोठा कवि १८६७ सालीं जन्मला आणि १९०२ सालीं वारला. क्षयानें त्याच्या पाठीच्या कण्यांत घर केलें होतें. अखेरचीं वर्षें तो तोक्यो शहरांतील आपल्या लहान घरांत अंथरुणावरच होता. आई आणि बहीण त्याची शुश्रूषा करीत. १९०१ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत त्यानें 'शाईचा एक थेंब' अशा अर्थाच्या नांवाखालीं एका वृत्तपत्रांत जवळजवळ रोज एक छोटें टिपण छापविलें. तीं १६४ टिपणें झालीं. पुढल्या वर्षीं मे महिन्यांत त्यानें 'सहा फुटी रुग्णशय्या' ही दुसरी माला आरंभिली. तिचा १२७ वा आणि शेवटचा हप्ता १७ सप्टेंबर रोजीं छापून आला आणि १९ सप्टेंबरला तो गेला. या माला मुख्यतः गद्याच्या आहेत आणि मधूनमधून त्यांत पद्यें येतात. तरी रोजच्या लेखनाचा जो धडा त्यांत आहे तो पद्याला तंतोतंत लागूं पडतो.

शिकीच्या खोलीला त्याच्या स्नेह्यांनीं कांचेचें दार बसवून दिलें होतें आणि अंथरुणावरून त्याला लहानशी बाग दिसे. तिच्यांतील घोसाळ्याचा वेल हा त्याच्या शेवटच्या हायकूंचा विषय झाला. तो वेल तेथें केवळ शोभेसाठीं नव्हता; घोसाळ्याच्या वेलाचें पाणी कफावर औषध म्हणून घेण्याची तिकडे चाल होती. म्हणजे डोळ्यांपुढची वस्तु आणि देहाचें दुखणें हीं दोन्हीं एकाच वेलावर येऊन टेकलीं. 'समोर आहे तें जसेंच्या तसें रेखाटावें' हा शिकीचा आग्रह होता. सहा फुटांच्या जागेंतून इतके दिवस लिहितां आलें तें या आग्रहामुळें. दुःख रोज तेंच असतें. वेलावरचें फूल मात्र रोज निराळें असतें.

आतां छंदाकडे वळूं. रोजच्या पद्याला ठराविक आणि लहान सांचा हवा, कारण रोज नवा सांचा शोधण्यांत दिवसाची सारी उमेद खर्च होते. हायकूचा सांचा जपानींत पांच, सात आणि पांच अशा सतरा मात्रांचा असतो. शिरीष पै यांनीं मराठींत रुजविलेला हायकू तीन ओळींचा राहिला तरी अक्षरांची ही गणना मराठींत काटेकोर पाळली जातेच असें नाहीं. ज्याच्या कानांत लहानपणापासून अभंग बसला आहे त्याला मोठ्या अभंगाचा सांचा अधिक सोपा जातो. त्यांत चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरें आणि चौथ्यांत चार. दुसरा आणि तिसरा चरण यमकानें जुळतो. अशीं अवघीं बावीस अक्षरें झालीं. जोडाक्षर एकच मोजावयाचें. ऱ्हस्वदीर्घाचें बंधन नाहीं. चौथा चरण आंखूड असल्यामुळें तेथें बोलणें आपोआप थांबतें आणि त्या थांबण्यांतच पुष्कळ कांहीं सांगून होतें.

एक उदाहरण घेऊन पाहूं. समजा, पालघर स्टेशनाजवळ तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ आहेत. ते रोज सकाळच्या गाडीनें बोईसरला कारखान्यांत कामास जात असत. घरांत पत्नी आणि एक शाळकरी मुलगी आहे. टाळेबंदीच्या दुसऱ्या दिवशीं, २६ मार्चला, त्यांनीं हें पद्य लिहिलें असें धरूं:

थांबलें हें जग
मनीं दाटे भीति
सरेना ही राती
कांहीं केल्या

अक्षरें बरोबर आहेत आणि भावना खोटी नाहीं. तरी हें पद्य २६ मार्चला जितकें लागूं पडतें तितकेंच २६ एप्रिललाही लागूं पडतें. तें पालघरचें नाहीं आणि त्या घरचेंही नाहीं. ६८ दिवसांत असें एकच पद्य ६८ वेळां लिहिलें जाण्याचा धोका असतो. आतां त्याच गृहस्थांनीं 'जग' आणि 'भीति' हे दोन शब्द बाजूला ठेवले आणि सकाळीं आठ वाजतां घरांत काय दिसलें एवढेंच आठवलें, तर असें कांहीं निघेल:

पिशवी खुंटीला
डबा फडताळीं
आठाची सकाळीं
गाडी नाहीं

येथें भीतीचें नांव नाहीं. पण ती पिशवी रोज आठच्या आधीं खुंटीवरून निघत असे, हें वाचणाऱ्याला कळतें. शिवाय हें पद्य दुसऱ्याच दिवशीं शोभतें. महिन्याभरानें खुंटीवरची पिशवी डोळ्यांना दिसेनाशी होते, तिचा धक्का बसत नाहीं. म्हणून हें पद्य मार्चचेंच राहतें.

लिहिण्याची व्यवस्थाही साधी असावी. वहीपेक्षां पोस्टकार्डाएवढे जाड कागदाचे तुकडे बरे. रात्रीं जेवणानंतर पाव तास ठरवावा. कागदाच्या एका बाजूस तारीख, वार आणि पद्य लिहावें. दुसऱ्या बाजूस त्या दिवसाची एक कोरडी हकीकत एका वाक्यांत लिहावी. जसें, 'सकाळीं सव्वासातला दूध आलें. अर्धा लिटर कमी.' ही पाठीमागची ओळ फार महत्त्वाची आहे. पद्यांत आलेली वस्तु खरोखर त्या दिवसाची होती कीं यमकासाठीं आणली, हें तिच्यावरून पुढें ताडतां येतें. एखादा दिवस चुकला तर तारीख घालून तो कागद कोरा ठेवावा. दोन दिवसांनीं आठवून लिहिलेलें पद्य बहुधा गोलमाल होतें, कारण आठवण दिवसांचे कोपरे घांसून टाकते. कोरा कागदही त्या दिवसाचीच खूण आहे: त्या रात्रीं लिहिण्याइतकें बळ नव्हतें, एवढें तो सांगतो.

पहिले दहा-बारा दिवस सहज जातात, कारण नवलाई असते. नंतर एक दिवस असा येतो कीं घरांत कांहींच घडत नाहीं. माला बहुधा येथेंच तुटते. कांहीं घडलें नसलें म्हणजे लिहिणारा मनांत शिरतो आणि तेथें कालचेंच दुःख त्याला भेटतें. अशा वेळीं न थांबणाऱ्या वस्तूकडे पाहावें. टाळेबंदींत सर्वांत निश्चितपणें हालत होता तो सूर्य. मार्चअखेरीस तो जवळजवळ नेमका पूर्वेस उगवतो आणि मेअखेरपर्यंत रोज थोडथोडा उत्तरेकडे सरकतो. म्हणून पूर्वेच्या खिडकींतून सूर्योदयानंतर लगेच घरांत पडणारा कवडसा रोज थोडथोडा दक्षिणेकडे सरकतो. खिडकीपासून दहा फुटांवर हें अंतर आठवड्याला सुमारें अर्धा फूट भरतें. खडूनें भिंतीवर किंवा फरशीवर खूण केली तर मुलांनाही तें दिसतें. आपल्या गृहस्थांनीं एप्रिलमधल्या रिकाम्या दिवशीं हेंच टिपलें:

कवडसा आज
पाटाच्या कडेला
गेल्या वारीं पेला
त्याच्यापाशीं

पालघरच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यांत सूर्य माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो आणि गच्चीवर उभ्या ठेवलेल्या काठीची सांवली क्षणभर नाहींशी होते. चंद्रही होताच: ८ एप्रिलला चैत्री पौर्णिमा आणि ७ मेला बुद्धपौर्णिमा झाली. खिडकीखालून जाणाऱ्या हातगाडीवरही दिनदर्शिका असते. ताडगोळे दिसूं लागणें, करवंदें येणें, चिकूचा भाव उतरणें, पहिलें जांभूळ दिसणें, या या पट्ट्यांतल्या उन्हाळ्याच्या पायऱ्या आहेत. जपानी कवि ऋतु दाखविणाऱ्या शब्दांचे कोश जवळ बाळगतात. येथील लिहिणाऱ्यानें आपल्या खिडकींतून आणि दारांतून दिसणाऱ्या अशा वीस-पंचवीस वस्तूंची यादी पहिल्याच आठवड्यांत करून ठेवली तर रिकाम्या दिवशीं ती उपयोगी पडते. मात्र यादींतली वस्तु त्या दिवशीं प्रत्यक्ष दिसली असली तरच पद्यांत घ्यावी.

दुसरी युक्ति मोजण्याची. आंकडा हा फार प्रामाणिक साक्षीदार आहे. मे महिन्यांत एके रात्रीं झोंप न आलेल्या माणसानें 'निद्रा रुसली' असें लिहिलें तर तें कोणाही कवीचें वाटेल. त्याऐवजीं हें पाहावें:

रात्रीं मालगाडी
डबे मोजियेले
बेचाळीस झाले
झोंप नाहीं

उतारूंच्या गाड्या बंद आहेत, रात्र शांत आहे, माणूस जागा आहे आणि त्याला मोजण्यापलीकडे दुसरें कांहीं सुचत नाहीं, इतकें सारें त्या आंकड्यानें येतें. कारखाने चालू असतांना बोईसर-पालघरच्या रात्रीं इतक्या नीरव नसतात. त्यामुळें पद्याला ठिकाणही मिळतें.

आतां कठीण भाग. सांथीचा काळ हा केवळ कंटाळ्याचा काळ नव्हता. इमारतींत कोणाला तरी ताप येई, रुग्णवाहिका येई, आणि गेलेलें माणूस परत येईल कीं नाहीं हें कोणास ठाऊक नसे. अशा दिवशीं पद्य लिहावें काय? लिहावें, परंतु दुसऱ्याच्या घरांतील दुःख आपल्या शब्दांत ओढून आणूं नये. आपल्या उंबऱ्यावरून जें दिसलें तेवढेंच आपलें. समजा, शेजारच्या बिऱ्हाडांतील दोघांना एका संध्याकाळीं दवाखान्यांत नेलें. दोन दिवसांनंतरचा कागद असा आहे:

शेजारचें दार
दोन दिस कडी
वाळलेली जुडी
उंबऱ्याशीं

कोणाचें नांव नाहीं, रोगाचें नांव नाहीं, अश्रु नाहींत. भाजीवाल्यानें नेहमीप्रमाणें ठेवलेली जुडी कोणी आंत घेतली नाहीं, एवढेंच आहे. 'अरेरे' हा शब्द घातला असता तर लिहिणाऱ्याचें मन पुढें आलें असतें आणि तें दार मागें गेलें असतें. पुढें शेजारी बरे होऊन परतले आणि हा कागद त्यांच्या हातीं पडला तरी त्यांना ओशाळें वाटण्याचें कारण नाहीं. शोकाचें पद्य लिहून झाल्यावर हीच परीक्षा करावी: ज्यांच्यावर तें लिहिलें त्यांच्यासमोर तें वाचतां येईल काय? येत नसेल तर पद्याच्या जागीं त्या दिवसाची तारीख पुरे.

माला बिघडूं लागली आहे हें ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. पहिली, सलग तीन दिवस पद्याचा शेवट 'नाहीं' या शब्दानें होणें. आंखूड चौथा चरण या शब्दाला फार चटकन् बोलावतो आणि वर दिलेल्या पांच नमुन्यांतही तो दोनदां आला आहे. दुसरी, 'आज' हा शब्द काढून टाकला तरी पद्याचें कांहीं न बिघडणें. तिसरी, बातमीवर पद्य होणें. रुग्णांचे आंकडे आणि मंत्र्यांचीं भाषणें साऱ्या देशाला सारखींच पोंचतात. त्यांनीं या घरचा दिवस वेगळा होत नाहीं. ५ एप्रिलच्या रात्रीं नऊ वाजतां नऊ मिनिटें दिवे मालवून पणत्या लावण्याचें आवाहन झालें होतें. तें आवाहन ही बातमी. पण तेल संपल्यामुळें आपल्या घरची पणती सहाव्या मिनिटाला विझली, हें पद्य.

शेवटीं कसोटी. महिना झाला म्हणजे सारे कागद पत्त्यांसारखे पिसावेत, तारखेवर कागदाची पट्टी चिकटवावी आणि ते घरांतल्या दुसऱ्या माणसाला क्रमानें लावावयास सांगावें. आपल्या गृहस्थांच्या घरीं हें काम मुलीनें केलें असें धरूं. खुंटीवरची पिशवी ती आरंभीं ठेवील, कारण पुढें त्याच पिशवींतून किराणा येऊं लागला हें तिला आठवतें. कवडशाचा कागद ती फरशीवरच्या खडूच्या खुणेशीं ताडून पाहील. वाळलेली जुडी कोणत्या आठवड्यांतली हें तिला कोणी सांगावें लागणार नाहीं. 'थांबलें हें जग' हा कागद मात्र तिच्या हातांत तसाच राहील, कारण तो कोठेंही बसतो. ज्या कागदांची जागा ठरत नाहीं ते फाडूं नयेत, दुरुस्तही करूं नयेत; पुढल्या महिन्यांत तसे कागद कमी कसे होतील एवढें पाहावें. मागाहून केलेली दुरुस्ती पद्य सुधारते, पण दिवस बदलते. एखादें पद्य छापण्याजोगें वाटलें तर त्याची वेगळी नक्कल करावी आणि ती हवी तेवढी घोटावी. मूळ कागदाला हात लावूं नये.

या रीतीची मर्यादाही आहे. ती एकटेपण घालवीत नाहीं आणि आजार बरा करीत नाहीं. ज्याला ताप आहे, ज्याच्या घरीं चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याच्याकडून अक्षरें मोजण्याची अपेक्षा करूं नये. ज्याच्याजवळ पाव तास आहे आणि एक खिडकी आहे त्याच्यासाठीं ती आहे. रोगामुळें चौदा दिवस एका खोलींत राहावें लागलें, पाय मोडून दोन महिने पलंगावर पडावें लागलें, तरी रीत हीच लागूं पडते. फक्त कागदांची संख्या बदलते. ३१ मे २०२० नंतर बंधनें हळूहळू सैल झालीं आणि पुढें आगगाड्याही सुरू झाल्या. त्या ६८ दिवसांविषयीं आज विचारलें तर पुष्कळांना एकच लांबलचक दिवस आठवतो. ज्यांच्या फडताळांत कागदांचा तो गठ्ठा असेल त्यांना बेचाळीस डब्यांची रात्र वेगळी सांपडेल आणि वाळलेल्या जुडीचा दिवस वेगळा सांपडेल.